नावांना गुण दिले, बेरीज केली, आणि पहिलं आलेलं नाव आम्हाला कुणालाच नकोय

ओलीसावली
आम्ही चौघं मिळून एक छोटं ॲप करतोय. सुचलेली गोष्ट बोलून किंवा लिहून पटकन टिपून ठेवायची आणि वेळ आली की ॲपने आठवण करून द्यायची, एवढंच त्याचं काम. ॲप जवळजवळ तयार आहे, पण नावावर दोन महिने अडलंय. वादावादी नको म्हणून ठरवलं की रीतसर गुण द्यायचे. पाच निकष घेतले: उच्चार, स्पेलिंग, अर्थ, उपलब्धता आणि टिकाऊपणा. प्रत्येकाला दहापैकी गुण, सगळ्यांचं वजन सारखं, चौघांची सरासरी. तीसेक नावांतून चार उरली. त्यांचे गुण वरच्याच क्रमाने देते:

स्मरण: 8, 9, 10, 2, 8. एकूण 37
टिपण: 8, 6, 8, 6, 8. एकूण 36
खूणगाठ: 7, 3, 9, 10, 7. एकूण 36
आठव: 9, 5, 8, 7, 6. एकूण 35

'स्मरण' पहिलं आलं. ते वाचल्यावर खोलीत कुणीच टाळी वाजवली नाही. चौघांपैकी तिघांचे चेहरे उतरले, आणि गुण तर आम्हीच दिलेले! आता प्रश्न असा आहे की तक्त्यात काही चुकलंय, की आम्हाला मनातलं नाव आलं नाही म्हणून आम्ही कुरकुरतोय? तक्ता न्याय्य कसा करायचा?

झुळूक
अभिनंदन! मुलगा की मुलगी? 'आठव' फार गोड आहे. पण एक सांगते, स्पेलिंगचा विचार आत्ताच करा. माझ्या मुलीच्या नावात आम्ही हौसेने दोन e घातले. आज तिच्या एका कागदावर ee आहे, दुसऱ्यावर i, आणि तिसऱ्यावर कुणीतरी y करून ठेवलाय. प्रत्येक ठिकाणी 'ही तीच व्यक्ती' हे सिद्ध करत बसते बिचारी.

ओलीसावली
झुळूकताई, बाळ नाही हो, ॲप आहे :) पण दोन e चं आमच्याही कामाचं आहे. 'टिपण' Tipan लिहायचं की Teepan, यावर एक अख्खी संध्याकाळ गेलीय आमची.

झुळूक
अरेच्चा, वाचायची घाई झाली. पण मुद्दा तोच. नाव आपण एकदा ठेवतो, लिहितात मात्र दुसरे लोक, आणि तेही रोज.

निवांत
गुणबिण कशाला? चौघांत ज्याची कल्पना आहे त्याने नाव ठेवावं, बाकीच्यांनी मान डोलवावी. समितीने ठेवलेलं नाव कुणाच्याच आवडीचं नसतं, ते फक्त कुणाला न खटकणारं असतं. तुमचा 'स्मरण' नेमका तसाच वाटतोय.

गणितवेडा
निवांत, तुमचं निदान चुकतंय. 'स्मरण' सगळ्यांना चालण्यासारखं आहे म्हणून वर आलेलं नाही. ओलीसावली, सरासरी बाजूला ठेवा आणि प्रत्येकाने वेगवेगळं काय दिलंय ते बघा. 'स्मरण' आणि 'टिपण' या दोनच नावांची, चौघांची, पन्नासपैकी बेरीज इथे टाकाल का? मला एक शंका आहे, पण आकडे बघितल्याशिवाय बोलत नाही.

अक्षरजुळणी
आकडे येईपर्यंत उपलब्धतेबद्दल लिहितो. माझ्या मते तुमची सर्वांत मोठी चूक तिथे आहे.

उपलब्धतेला 2 गुण म्हणजे नक्की काय? तुम्ही बहुधा असं केलं असणार: डोमेन गेलेलं, ॲपच्या दुकानात याच नावाची तीन-चार ॲपं, म्हणून 2. पण मग अर्थाचे 10 आणि स्पेलिंगचे 9 येऊन ते 2 भरून काढतात आणि नाव पहिलं येतं. प्रत्यक्षात हे भरून निघत नाही. नाव दुसऱ्याचं असेल तर त्याचा अर्थ कितीही सुंदर असो, तुम्हाला ते वापरता येणार नाही. चार विषयांत उत्तम गुण मिळाले म्हणून पाचव्यात नापास झालेल्याला कुणी पास करत नाही.

म्हणून उपलब्धतेचे दोन भाग करा. पहिला भाग उंबरठ्याचा. तुमच्याच प्रकारच्या वस्तूसाठी सारखं किंवा सारखं ऐकू येणारं नोंदणीकृत चिन्ह आहे का? हो असेल तर नाव बाद, गुण द्यायचेच नाहीत. दुसरा भाग सोयीचा. हवं तेच डोमेन मिळतंय की मागेपुढे एखादा शब्द लावावा लागतोय, समाजमाध्यमांवर तेच नाव मिळतंय का, याला गुण द्या, कारण इथे कमीजास्त चालतं.

ट्रेडमार्क शोधताना फक्त हुबेहूब नाव टाकून 'काही सापडलं नाही' म्हणू नका. उच्चारातलं साम्यही धरलं जातं. 'टिपण' शोधताना टिप्पण, टिपणी, टिप्पणी, टिपन हे सगळं बघा. आणि वर्ग बघा. ट्रेडमार्क नोंदवताना वस्तू आणि सेवांची जी आंतरराष्ट्रीय विभागणी वापरतात त्या नीस वर्गीकरणात एकूण 45 वर्ग आहेत. डाउनलोड होणारं सॉफ्टवेअर वर्ग 9 मध्ये येतं, ऑनलाइन सेवा म्हणून दिलेलं 42 मध्ये. त्याच नावाचं कुणी फर्निचर विकत असेल तर बहुतेक वेळा अडचण येत नाही, पण त्याच नावाची नोंदवही-सेवा असेल तर येते. शेवटच्या एका-दोन नावांसाठी मात्र जाणकार वकिलाकडून शोध करून घ्या. आपण घरी केलेला शोध नावं गाळण्यापुरता ठीक असतो, तेवढ्यावर नाव पक्कं करू नये.

ओलीसावली
गणितवेडा, हे घ्या आकडे. आमच्या चौघांना अ, ब, क, ड म्हणते.

स्मरण: अ 44, ब 35, क 35, ड 34
टिपण: अ 30, ब 38, क 39, ड 37

अरे देवा. टाइप करतानाच दिसलं.

गणितवेडा
हीच शंका होती. चारपैकी तिघांनी 'टिपण' वर ठेवलंय, तरी सरासरीत 'स्मरण' जिंकतं. कारण ब, क, ड यांचे सगळे गुण 34 ते 39 च्या अरुंद पट्टीत आहेत, आणि अ ने 30 पासून 44 पर्यंत पट्टी ताणलीय. सरासरीत ज्याची पट्टी लांब त्याचं मत जड. अ ने हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. काही लोक मोकळ्या हाताने गुण देतात आणि काहींना सातच्या खाली उतरायला संकोच वाटतो. पण नकळत का होईना, एका माणसाच्या मताला तिघांपेक्षा जास्त वजन मिळालंय.

उपाय सोपा आहे. प्रत्येकाच्या गुणांवरून त्याचा क्रम काढा आणि क्रमांची बेरीज करा. एका माणसाचे चार नावांचे गुण B2 ते B5 मध्ये असतील तर:

```
=RANK(B2,B$2:B$5)
```

हे खाली ओढा, मग चौघांचे क्रम मिळवा. ज्याची बेरीज सर्वांत कमी ते नाव पुढे.

शब्दवेल्हाळ
पण क्रम लावला की तीव्रता जाते ना? अ ला 'स्मरण' मनापासून आवडलंय आणि बाकीच्यांना 'टिपण' किंचित बरं वाटतंय. त्या मनापासूनला काही किंमत नाही का?

गणितवेडा
रास्त प्रश्न आहे, आणि त्याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. क्रमात तीव्रता हरवते, हे खरंच. शिवाय क्रमाचीही एक खोड आहे. यादीत एखादं हरणारं नाव घातलं किंवा काढलं तरी वरच्या दोघांची अदलाबदल होऊ शकते. मधला मार्ग फिगर स्केटिंगवाल्यांनी घेतलाय. 2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये परीक्षणावरून मोठा गोंधळ झाला, त्यानंतर 2004 पासून नवी पद्धत आली. तिच्यात परीक्षकांच्या गुणांमधला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा गुण काढून उरलेल्यांची सरासरी घेतात. तुमच्या आकड्यांवर तसं केलं तर 'स्मरण' 35 आणि 'टिपण' 37.5 होतं. पण परीक्षक चारच असताना दोघांना बाहेर काढणं म्हणजे अर्धी समिती घरी पाठवणं. म्हणून मी क्रमच घेईन, आणि अ ला गुण तसेच का दिले ते शांतपणे विचारेन. तीव्रता आकड्यात कोंबण्यापेक्षा बोलण्यातून समजलेली बरी.

ओलीसावली
क्रमांची बेरीज केली. टिपण 7, खूणगाठ 10, आठव 10, स्मरण 13. पहिलं आलेलं नाव थेट शेवटचं! गुण तेच, माणसं तीच. हे बघून मला आनंद होण्याऐवजी भीतीच वाटतेय. मग कुठल्याही पद्धतीवर विश्वास तरी काय ठेवायचा?

गणितवेडा
भीती वाटली ते चांगलं झालं. आणखी एक करून बघा. जुन्याच तक्त्यात एका वेळी एकाच निकषाचं वजन दुप्पट करा. स्पेलिंग दुप्पट केलं तर स्मरण 46, टिपण 42, आठव 40, खूणगाठ 39. उपलब्धता दुप्पट केली तर खूणगाठ 46, टिपण आणि आठव 42, आणि स्मरण 39 वर तळाला. म्हणजे 37, 36, 36, 35 हा निकाल नव्हताच. चारही नावं एकाच ओळीत उभी होती. पन्नासात एका गुणाचा फरक हा फरक समजायचाच नसतो. या दोन्ही प्रयोगांत 'टिपण' दुसऱ्या जागेवरून खाली घसरलं नाही, ही खरी माहिती. वजन थोडं हलवल्यावर जे कोसळत नाही त्याच्यावर भरवसा ठेवा.

आणि वजनं नावं बघण्याआधी ठरवून लिहून ठेवायची. नावं समोर आली की प्रत्येकजण आपल्या लाडक्याला सोयीचं वजन मागतो, आणि आपण तसं करतोय हे त्याला स्वतःलाही कळत नाही.

निवांत
बघा, म्हटलं होतं ना. शेवटी एकाने ठरवावं.

शब्दवेल्हाळ
निवांत, एकाने ठरवलं असतं आणि तो एक 'अ' असता, तर आज ॲपचं नाव 'स्मरण' असतं :)

चहाटळ_पण_खरा
नावाचा अर्थ दुसऱ्या भाषांतही बघा हं. त्या प्रसिद्ध मोटारीचं झालं तसं नको. शेवरोलेची नोव्हा स्पॅनिश देशांत विकलीच गेली नाही, कारण 'नो व्हा' म्हणजे 'चालत नाही'.

अक्षरजुळणी
ही गोष्ट सगळे सांगतात, पण ती खरी नाही. नोव्हा मेक्सिको आणि व्हेनेझुएलात व्यवस्थित विकली गेली. शिवाय 'nova' हा एक शब्द आणि 'no va' हे दोन, त्यांचे आघातही वेगळे पडतात. तुमचा मुद्दा मात्र बरोबर आहे. खरं उदाहरण हवं तर मित्सुबिशीची पजेरो घ्या. स्पॅनिशमध्ये तो शब्द शिवीसारखा असल्याने तिथे ती गाडी माँटेरो नावाने विकली गेली.

चहाटळ_पण_खरा
मान्य. नोव्हा मागे घेतो, पजेरो ठेवतो.

दवबिंदू
मी वैद्यकीय क्षेत्रात आहे. 'खूणगाठ' सुरेख शब्द आहे, विसरू नये म्हणून पदराला मारलेली गाठच डोळ्यासमोर येते. पण लोक नावं छोटी करतात. उद्या तुमचे वापरणारे त्याला नुसतं 'गाठ' म्हणायला लागले तर? 'गाठ आली का?' 'माझी गाठ उघडत नाहीये.' माझ्याकडे हा शब्द रोज कुठल्या अर्थाने येतो ते सांगायला नको. पुढचा अर्धा भाग घेतला तर 'खूण', आणि रोमनमध्ये Khun. ते मी पहिल्यांदा 'खून' असंच वाचलं.

ओलीसावली
बाप रे. हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. 'अर्थ'ला आम्ही 9 दिलेत!

शब्दवेल्हाळ
अर्थाच्या स्तंभाबद्दल मला बोलायचंच होतं. 'स्मरण'ला 10 का दिले? नाव ऐकताच ॲप काय करतं ते कळतं म्हणून, हो ना? पण वस्तूचं काम जितकं थेट सांगाल तितकं ते नाव तुमचं एकट्याचं राहणं कठीण. आठवण करून देणाऱ्या प्रत्येक ॲपला 'स्मरण' म्हणावंसं वाटणारच, म्हणून तर ते इतक्या जणांनी घेतलंय. तुमच्या तक्त्यात अर्थ 10 आणि उपलब्धता 2 हे शेजारीशेजारी आलेत, तो योगायोग नाही, एकाच गोष्टीच्या त्या दोन बाजू आहेत. ट्रेडमार्कच्या कायद्यातही नुसतं वर्णन करणारं नाव दुबळं समजतात, आणि बनवलेलं किंवा वस्तूशी संबंध नसलेलं नाव बळकट. जॉर्ज ईस्टमनने 1888 मध्ये Kodak नोंदवलं, त्याला काहीच अर्थ नव्हता. त्याला K अक्षर आवडायचं, बस्स.

मग अर्थाला गुण द्यायचे कसे? मी असं विचारते: नाव ऐकून काम कळतं का, असं नाही, तर काम कळल्यावर नाव पटतं का? 'खूणगाठ' इथे खरंच पहिली येते (दवबिंदूंची हरकत वेगळी). 'टिपण'ही बऱ्यापैकी. 'स्मरण'ला मी 6 देईन.

अक्षरजुळणी
शब्दवेल्हाळ, पूर्ण सहमत. मी वर जे उंबरठ्याचं लिहिलं त्याचं मूळ हेच आहे.

टाकाऊतून_टिकाऊ
टिकाऊपणाला गुण कसे देता? आम्ही आमच्या वेळी 'पाच वर्षांनी कसं वाटेल' असं विचारलं, सगळ्यांनी हवेत बघून 7 किंवा 8 दिले. तो स्तंभ फुकट गेला.

आमच्या नावात तेव्हाची फॅशन होती, शेवटच्या r च्या आधीचा स्वर गाळायची. 2004 मध्ये Flickr आलं, 2006 मध्ये ट्विटरचं सुरुवातीचं नाव twttr होतं, त्यांनी लवकरच स्वर परत घातले. आम्ही घातले नाहीत. आज नाव सांगितलं की लगेच 'पण त्यात e नाही हं' जोडावं लागतं, आणि वर ते जुनं वाटतं. दुसरी चूक म्हणजे ॲप जे एकच काम करत होतं ते आम्ही नावात घातलं. दोन वर्षांनी त्यात तीन कामं वाढली आणि नाव पोरकं झालं.

म्हणून टिकाऊपणासाठी हवेत न बघता दोन प्रश्न विचारा. ॲपमध्ये पुढे जे घालायचं ठरलंय ते घातल्यावर नाव खोटं पडेल का? आणि हे नाव कुठल्या विशिष्ट वर्षांतलं आहे हे त्याच्या रूपावरून कळतं का?

ओलीसावली
पुढे आम्हाला टिपणं एकमेकांना पाठवायची सोय द्यायचीय. 'टिपण'मध्ये ते बसतं, 'आठव'मध्ये ओढूनताणून, 'स्मरण'मध्ये नाही. हा प्रश्न विचारल्याबरोबर आमचे 8, 7, 6, 8 निरर्थक झाले.

शब्दवेल्हाळ
आणखी एक परीक्षा मराठी नावांसाठी फार उपयोगी पडते आणि कुठल्याच तक्त्यात नसते. नावाला विभक्ती लावून बोला. 'टिपणात टाकून ठेव' सहज येतं. 'खूणगाठीत बघ', इथे मध्ये ई शिरते, म्हणजे लोक बोलताना नाव बदलणार. 'आठवात लिहिलंय' म्हटलं तर कवितेतली ओळ वाटते. आणि नुसतं 'आठव बघ' म्हटलं की समोरचा विचारतो, 'काय आठवू?' कारण ती आज्ञा आहे!

झुळूक
हाहा, हे मी आत्ता घरी करून बघितलं. 'अगं, आठव उघड' म्हटलं तर मुलगी म्हणाली, 'आधी नीट बोल.'

चहाटळ_पण_खरा
उच्चाराबद्दल कुणीच बोललं नाही. ते गोल आकाराचं नाव आणि टोकदार आकाराचं नाव, तो प्रयोग आहे ना? बूबा आणि किकी. टोकदार आकाराला बहुतेक सगळे किकी म्हणतात. 'टिपण'मध्ये ट आणि प, म्हणजे टोकदार. पटकन टिपायच्या ॲपला ते शोभतं. हे शास्त्राने सिद्ध झालंय.

गणितवेडा
प्रयोग खरा आहे. कोलरने 1929 मध्ये अशा जोड्या वापरल्या, आणि बूबा-किकी हे रूप रामचंद्रन व हबर्ड यांच्या 2001 च्या लेखातून गाजलं. पण त्यातून आवाज आणि आकार यांचं नातं दिसतं. टोकदार नावाचं ॲप जास्त चालतं असं त्यातून निघत नाही. दोन नावं बरोबरीत असतील तर तेवढ्यापुरता त्याचा आधार घ्या. मला 'स्मरण'मधला सुरुवातीचा जोड जास्त खटकतो. 'समरण', 'इस्मरण' असं म्हणणारे मी ऐकलेत.

अक्षरजुळणी
स्पेलिंगला मात्र मनाने गुण देऊच नका, ते मोजता येतं. नाव न पाहिलेल्या दहा जणांना फोनवर एकदाच सांगा आणि रोमनमध्ये लिहून पाठवायला सांगा. मग उलट बाजूने, दुसऱ्या दहा जणांना रोमन स्पेलिंग दाखवून वाचायला सांगा. आपल्या नावांची खरी अडचण या दुसऱ्या भागात कळते. रोमनमध्ये ण चा न होतो, ठ आणि थ एकच होतात, ऱ्हस्व-दीर्घ पुसलं जातं. जितक्या जणांनी तुमचंच स्पेलिंग लिहिलं तितके गुण, त्यावर चर्चा नाही.

ओलीसावली
चार दिवसांनी परत आले. दोन्ही बाजूंनी परीक्षा घेतली.

फोनवर ऐकून लिहिणं: 'स्मरण' नऊ जणांनी Smaran लिहिलं. 'टिपण' सात जणांनी Tipan, दोघांनी Teepan, एकाने Tippan. 'आठव' पाच जणांनी Aathav, तिघांनी Athav, उरलेल्या दोघांनी काहीतरी वेगळंच. 'खूणगाठ'ची दहा जणांत सात वेगळी स्पेलिंगं आली! Khungath, Khoongath, Khungaath, Khunagath... आम्ही 3 गुण दिले होते, तेही औदार्य होतं.

उलट बाजू: Aathav बहुतेकांनी 'आथव' वाचलं. Khungath वाचताना तिघे 'खून' म्हणून थबकले, दवबिंदूंचं खरं निघालं. Tipan सहा जणांनी 'टिपण' किंवा 'टिपन' वाचलं, दोघांनी 'टीपन' आणि दोघांनी 'टायपन'. टायपन हा विषारी साप आहे हे त्यांच्यापैकी एकाने आनंदाने सांगितलं.

आणि आता 'स्मरण'ची गोष्ट. डोमेन मिळत नव्हतं म्हणून अ ने पुढे app लावायचं सुचवलं होतं. ते एकत्र लिहून दाखवलं: appsmaran. पहिल्याच माणसाने मोठ्याने वाचलं, 'ॲप्स मरण'. अ सुद्धा हसली आणि तिने स्वतःहून नाव मागे घेतलं.

दवबिंदू
ॲप्स मरण!! हे मात्र दहापैकी दहा.

टाकाऊतून_टिकाऊ
म्हणूनच डोमेन नेहमी सलग, छोट्या अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता लिहून अनोळखी माणसाला वाचायला द्यावं. आपल्याला त्यात फक्त आपलंच नाव दिसतं.

शब्दवेल्हाळ
ओलीसावली, अ ला विचारलंत का, 'स्मरण' इतकं का आवडलं होतं?

ओलीसावली
विचारलं. ती म्हणाली, 'स्मरण' कुणालाही, कुठल्याही वयाच्या माणसाला एकदा ऐकून लिहिता येतं. बाकी तिन्ही नावं दोनदा सांगावी लागतात, आणि आपलं ॲप तर विसरणाऱ्या माणसांसाठी आहे. नऊ जणांनी बरोबर लिहिलं, म्हणजे तिचं म्हणणं मोजूनही खरं ठरलं. आम्ही तिघांनी त्याला पुरेसं महत्त्व दिलं नव्हतं. म्हणून चौघांनी बसून वजनं नव्याने ठरवली. स्पेलिंग दुप्पट, बाकी एकेक, आणि ट्रेडमार्क उंबरठ्यावर.

गणितवेडा
नावं माहीत असताना वजनं बदललीत, हे मला थोडं खुपतंय.

ओलीसावली
मलाही खुपलं. पण 'स्मरण' तेव्हा बाद झालेलं होतं आणि उरलेल्या तिघांत तर अ चं लाडकं नावच नव्हतं. म्हणून सोयीचं वजन मागितलं असं तिच्या बाबतीत म्हणता येणार नाही. बाकी आम्हा तिघांबद्दल खात्री देत नाही.

गणितवेडा
ठीक. निदान कुठे खुपतंय ते तुम्हाला माहीत आहे.

निवांत
मग शेवटी काय ठरलं? की अजून एक तक्ता?

ओलीसावली
तक्ता नाही. उरलेल्यांत 'टिपण' आणि 'खूणगाठ' यांवर शेवटची चर्चा झाली. 'आठव' त्या आज्ञेमुळे गेलं. एक आठवडा आम्ही आपसातल्या सगळ्या निरोपांत ही दोन नावं आलटून पालटून वापरली, 'टिपणात टाकलंय', 'खूणगाठीत सापडेना', असं. चौथ्या दिवसापासून ब सोडून कुणी 'खूणगाठ' वापरलंच नाही, लांब पडतं म्हणून. ब ला अजूनही वाटतं की ते जास्त देखणं नाव होतं, आणि ते देखणं आहेच.

वकिलांच्या शोधात हुबेहूब 'टिपण' आमच्या वर्गांत निघालं नाही. सारखं ऐकू येणारं एक नाव वर्ग 42 मध्ये निघालंय, पण ती सेवा अगदी वेगळी आहे. धोका कमी आहे, शून्य नाही, असं त्यांनी लिहून दिलंय. आज रात्री आम्ही चौघं मिळून 'पुढे जायचं का' ते ठरवणार. स्पेलिंग Tipan धरलंय.

अक्षरजुळणी
सारखं ऐकू येणाऱ्या नावाने आपल्या नोंदणीत कामाचं वर्णन काय लिहिलंय, ते शब्दशः मागून घ्या. वर्ग एकच असला तरी वर्णन किती रुंद आहे यावर बरंच ठरतं. रात्री बसण्याआधी ते हातात असू द्या.

ओलीसावली
आत्ताच वकिलांना लिहिलं.

झुळूक
आणि Teepan सुद्धा घेऊन ठेवा, आजच. दहात दोघं तिकडेच जाणारेत.